बारा युनिटांचे तीस : सिनियर सिस्टरविषयी कळवावे का?

पत्र

आदरणीय ताई, मी नागपुरातील एका खासगी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. जीएनएम होऊन चार वर्षे झाली, नोकरी कंत्राटी आहे. महिनाभर स्टोअरमधून इन्सुलिनच्या वायल येत नाहीत, कार्ट्रिज येतात. वॉर्डात पेन एकच आहे आणि त्याच्या सुया बहुतेक वेळा संपलेल्या असतात. आमच्या एक सिनियर सिस्टर लाल टोपणाची सिरिंज कार्ट्रिजमध्ये घालून डोस काढतात. मी म्हटले, "सिस्टर, ही चाळीसची सिरिंज आहे." त्या म्हणाल्या, "वीस वर्षं टोचतेय, तू मला युनिट शिकवू नको."

मागच्या आठवड्यात काटोलकडच्या एका काकांना रात्री ८ वाजता त्यांनी ३०/७० इन्सुलिनचे १२ युनिट दिले. माझी नाइट होती. पहाटे ३ वाजता काका घामाने भिजले होते, बरळत होते, शुगर ४१. डॉक्टरांनी २५ टक्के डेक्स्ट्रोज दिल्यावर सावरले. सकाळी सिस्टरांनी नोंदीत लिहिले, "रात्री जेवण कमी घेतले." पण काका पूर्ण जेवले होते, ताट मीच उचलले होते. मी डॉक्टरांना काही बोलले नाही.

याच सिस्टरांनी मला पहिली आयव्ही लाइन लावायला शिकवली. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. कळवले तर वॉर्डात राहणे कठीण होईल, नाही कळवले तर झोप येत नाही. नाव न लिहिता मेट्रन मॅडमच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली तर चालेल का?

— एक स्टाफ नर्स, नागपूर

उत्तर

तुम्ही चिठ्ठीचे विचारले आहे, पण त्याआधी एक काम आहे आणि ते आजच करायचे आहे. काका वॉर्डात असोत किंवा सुटी होऊन घरी गेलेले असोत, त्या रात्री त्यांना १२ युनिट मिळाले नसावेत, हे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळले पाहिजे. तक्रार, मेट्रन, निवृत्ती हे सगळे त्यानंतर. डॉक्टरांना डोसाबद्दल सांगणे हा ड्यूटी बदलताना रुग्णाची माहिती, म्हणजे ओव्हर, देण्याचाच भाग आहे, त्याला कोणीही चहाडी म्हणणार नाही, आणि म्हटले तरी ते ऐकून घ्यावे लागेल.

हिशेब तुम्हाला माहीत आहे, पण तो कागदावर मांडून पाहा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या वायलसाठी आखलेली असते, म्हणून तिच्यावरची १२ ची खूण म्हणजे ०.३ मिलिलिटर. कार्ट्रिजमध्ये मात्र एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात, म्हणजे त्याच ०.३ मिलिलिटरमध्ये ३० युनिट आले, नेमके अडीचपट. ३०/७० मध्ये सत्तर टक्के भाग सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचा असतो, त्यामुळे त्या ३० पैकी २१ युनिट असे होते, ज्यांचा जोर टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तासांच्या दरम्यान असतो. रात्री ८ ते पहाटे ३ हे सात तास होतात. वेळ जुळते. तरीही वेळ जुळणे हा पुरावा नव्हे. मूत्रपिंड अशक्त असेल, सोबत शुगरची दुसरी गोळी चालू असेल, तरीही पहाटे शुगर इतकी उतरू शकते. कारण ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे. पण ते ठरवायला त्यांच्यापुढे खरा डोस हवा, आणि तो कसा काढला गेला असावा हे आज फक्त दोन माणसांना माहीत आहे.

या घटनेतला खरा धोका पहाटे ३ वाजता संपला असे समजू नका. केस पेपरवर "१२ युनिट" आणि "जेवण कमी" असे दोन शब्दप्रयोग राहिले आहेत, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यांवर उभा राहणार आहे. समजा, राउंडला डॉक्टरांनी पाहिले की १२ युनिटांवर शुगर ४१ झाली, आणि त्यांनी रात्रीचा डोस १० वर आणला. सिस्टर त्याच पद्धतीने १० च्या खुणेपर्यंत काढतील तर काकांना २५ युनिट जातील, तीच संध्याकाळ दुसऱ्या कोणाच्या ड्यूटीत आली तर १० जातील. मग शुगरचा तक्ता एका रात्री ६० तर दुसऱ्या दिवशी ३०० दाखवेल आणि डॉक्टर रुग्णाला "ब्रिटल", म्हणजे शुगर सतत वर-खाली होणारा, ठरवून आणखी औषधे बदलतील. सुटीनंतर काका घरी पेन वापरू लागले, तर त्यांना प्रथमच कागदावरचा डोस खरोखर मिळेल, तो कदाचित अपुरा असेल, आणि पंधरा दिवसांनी ते ओपीडीत वाढलेली शुगर घेऊन येतील. तेव्हा त्यांना "पथ्य पाळत नाही" असे सुनावले जाईल. चुकीच्या डोसाइतकाच न सांगितलेला डोसही रुग्णाला इजा करतो आणि त्याची इजा जास्त दिवस चालते. म्हणून तुमच्या प्रश्नात "कळवू की नको" याला माझ्या लेखी जागा नाही. कोणाला, कशा शब्दांत आणि कोणत्या क्रमाने कळवायचे, एवढेच ठरवायचे आहे.

डॉक्टरांना सांगताना तीन वाक्ये पुरेत : "सर, त्या रात्रीचा डोस १०० च्या कार्ट्रिजमधून ४० च्या सिरिंजने १२ च्या खुणेपर्यंत काढला होता. त्या हिशेबाने ३० युनिट होतात. जेवण पूर्ण झाले होते, ताट मी उचलले होते." मात्र या वाक्यांतले पहिले वाक्य तुम्ही स्वतः पाहिलेले आहे का, हे आधी मनाशी तपासा. पत्रात तुम्ही सिस्टरांची पद्धत सांगितली आहे, पण त्या रात्रीचा तो डोस काढताना तुम्ही समोर होतात असे लिहिलेले नाही. समोर नसाल तर "या आठवड्यात मी अशा पद्धतीने डोस काढताना पाहिले आहे, त्या रात्रीचाही तसा काढला असण्याची शक्यता आहे" एवढेच म्हणा. याने तुमचे म्हणणे कमकुवत होत नाही, उलट टिकते.

शंका पडताळण्याचा एक साधा मार्ग वॉर्डातच आहे. एका कार्ट्रिजमध्ये ३ मिलिलिटर, म्हणजे ३०० युनिट असतात. काकांचा डोस सकाळी १२ आणि रात्री १२ असेल आणि तो पेनने दिला असेल, तर दर वेळी सुईतली हवा काढायला जाणारे दोन युनिट धरूनही एक कार्ट्रिज दहा दिवस पुरते. दोन्ही वेळा लाल टोपणाच्या सिरिंजने काढला तर रोज ६० युनिट खर्च होतात आणि तेच कार्ट्रिज पाचव्या दिवशी रिकामे होते. फार्मसीच्या इश्यू रजिस्टरवर तारखा असतातच. एक कार्ट्रिज अनेक रुग्णांना वापरले जात असेल तर हा हिशेब लागणार नाही, पण मग तो स्वतंत्र आणि तितकाच गंभीर प्रकार आहे, कारण कार्ट्रिज एकाच रुग्णासाठी असते. वॉर्डातले ते एकुलते एक पेन कोणाकोणाला लावले जाते, तेही विचारून घ्या. एवढे खरे की रजिस्टर चाळत बसणे तुमचे काम नाही. घटना कळवण्याच्या इन्सिडेंट फॉर्ममध्ये "कार्ट्रिज इश्यूच्या तारखा पाहाव्यात" असे एक वाक्य लिहा, पाहणारे पाहतील.

आता एक अडचणीचा प्रश्न. तुमच्या ड्यूटीत, पेनच्या सुया नसताना, तुम्ही डोस कशाने काढता? हे तुम्ही लिहिलेले नाही. केशरी टोपणाची १०० ची सिरिंज वापरत असाल तर आकडा बरोबर येतो, पण कार्ट्रिजमध्ये सिरिंज घालणे तरीही योग्य नाही, कारण आत हवा शिरते आणि नंतर तेच कार्ट्रिज पेनमध्ये बसवले की पेनचा डोस चुकू शकतो. त्यातून दोन्ही रंगांच्या सिरिंज एकाच ट्रेमध्ये पडल्या की घाईच्या वेळी हात कुठे जाईल याचा भरवसा नसतो. तेव्हा कळवताना वॉर्डात सगळे जण जे करतात ते सगळे लिहा, स्वतःचेही लिहा. फक्त सिस्टरांचे लिहिले आणि उद्या चौकशीत तुमची केशरी सिरिंज निघाली, तर मूळ मुद्दा बाजूला पडेल.

सिस्टरांशी आधी बोलावे का, असा प्रश्न पुष्कळ जणी विचारतात आणि त्यावर साधारणपणे "हो, आधी समोरासमोर" असे उत्तर मिळते. मी ते अर्धेच मानते. तुम्ही एकदा बोललेल्या आहात, वेळेवर बोललेल्या आहात आणि तुम्हाला गप्प केले गेले आहे. दुसऱ्यांदा बोलण्याला हरकत नाही, पण ते बोलणे कळवण्याची अट होऊ देऊ नका, कारण पुढचा डोस आज रात्री ८ वाजता आहे आणि मोकळ्या वेळेची वाट पाहता पाहता वॉर्डात आठवडे जातात. बोलायचेच तर औषधांच्या खोलीत, दोघीच असताना, हातात दोन्ही सिरिंज घेऊन बोला. लाल सिरिंजमध्ये १२ च्या खुणेपर्यंत पाणी भरा, सुई काढून ते केशरी सिरिंजच्या तोंडातून आत सोडता येत नाही म्हणून आधी एका रिकाम्या स्वच्छ वायलमध्ये सोडा आणि तिथून केशरी सिरिंजने ओढा. पाणी जवळपास ३० च्या खुणेपर्यंत चढते. वीस वर्षांच्या अनुभवापुढे चार वर्षांची मुलगी वाद घालू शकत नाही, पण त्या खुणेशी त्यांनाही वाद घालता येणार नाही. आणि त्याच वेळी सांगून टाका, "सिस्टर, मी याचा फॉर्म भरते आहे, तुमच्या पाठीमागे केले असे वाटू नये म्हणून सांगते." त्यांनी स्वतः फॉर्म भरायची तयारी दाखवली तर उत्तमच, पण तो आजच्या आज भरला गेला पाहिजे.

इन्सिडेंट फॉर्ममध्ये काय लिहावे यापेक्षा काय लिहू नये हे जास्त महत्त्वाचे आहे. "निष्काळजी", "नेहमीच", "मुद्दाम" हे शब्द लिहू नका. तारीख, वेळ, बेड नंबर, इन्सुलिनचा प्रकार, कार्ट्रिजची तीव्रता, सिरिंजचा प्रकार, कोणत्या खुणेपर्यंत काढले, पहाटेची शुगर, दिलेला उपचार, रुग्णाचे जेवण, ही सगळी पाहिलेली माहिती लिहा. त्याखाली स्वतंत्र ओळीत लिहा की महिनाभर वायल आलेल्या नाहीत आणि पेनच्या सुया नसतात. माझ्या मते या फॉर्ममधली हीच सर्वांत मोलाची ओळ ठरेल. नोंदीतल्या "जेवण कमी" या वाक्याविषयी एवढेच लिहा की नोंदीत असे आहे आणि मी असे पाहिले. ते वाक्य सिस्टरांनी झाकण्यासाठी लिहिले की खरोखर तसे वाटून लिहिले, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. केस पेपरवरच्या त्यांच्या नोंदीला हात लावू नका, खाडाखोड करू नका. तुमचे निरीक्षण तुमच्या सहीने, आजची तारीख आणि वेळ घालून, उशिरा केलेली नोंद म्हणून वेगळे लिहा. केस पेपरचा फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकणे तर पूर्णपणे टाळा. त्याने काकांच्या खासगीपणाचा भंग होतो आणि चौकशी तुमचीच सुरू होते.

सिस्टरांवर अन्याय होईल का, ही तुमची भीती मला वॉर्डात राहणे कठीण होईल या भीतीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते. रुग्णसुरक्षेच्या क्षेत्रात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्यामुळे परिचित झालेली एक कसोटी इथे उपयोगी आहे : त्याच जागी, त्याच तुटवड्यात, तितक्याच अनुभवाची दुसरी नर्स उभी केली तर तीही असेच वागली असती का? चाळीसच्या वायलवर जिची सगळी नोकरी गेली, जिच्या हातात एक दिवस न सांगता शंभरचे कार्ट्रिज आले आणि सोबत पेनची सुई आली नाही, ती सवयीने लाल सिरिंज उचलेल याची शक्यता बरीच आहे. तिथपर्यंत दोष स्टोअरचा, खरेदीचा आणि नवीन प्रकार आल्यावर कोणालाही माहिती न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे. पण सहकारिणीने सिरिंजकडे बोट दाखवल्यानंतरही तपासून न पाहणे हे त्या कसोटीत बसत नाही. तिथे समज देणे, पुन्हा प्रशिक्षण आणि काही दिवस इन्सुलिनचा डोस दुसऱ्या नर्सकडून तपासून घेणे योग्य ठरते. आणि नोंद जाणूनबुजून बदललेली निघाली, तर तो तिसराच प्रकार आहे, त्याची चौकशी मेट्रन मॅडमनी करायची. या तीन गोष्टी एकत्र बांधून "सिस्टर वाईट" किंवा "सिस्टर चांगल्या" असे ठरवायला बसलात तर निर्णय होणारच नाही. त्यांनी तुम्हाला आयव्ही लाइन शिकवली हे ऋण खरे आहे, पण ते काकांच्या शुगरमधून फेडण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या आचारसंहितेत सहकाऱ्यामुळे रुग्णाच्या आरोग्याला धोका निर्माण झाल्यास नर्सने योग्य पावले उचलावीत ही जबाबदारी स्पष्ट मांडलेली आहे. तुमच्या रुग्णालयाला एनएबीएच हे रुग्णालयांच्या गुणवत्तेचे मानांकन असेल तर घटना कळवण्याची पद्धत तिथे असलीच पाहिजे आणि फॉर्म वॉर्डात मिळाला पाहिजे. इन्चार्ज सिस्टरांकडे द्या. त्यांनी "आपसात मिटवू" म्हटले तर मेट्रन, आणि तिथेही अडले तर क्वालिटी विभाग किंवा वैद्यकीय अधीक्षक. महाराष्ट्र परिचर्या परिषदेपर्यंत जाण्यासारखे हे प्रकरण आजच्या घडीला मला दिसत नाही.

निनावी चिठ्ठीबद्दल. टेक्सासमधल्या विंकलर काउंटीतल्या अ‍ॅन मिचेल आणि विकिलिन गॅल या दोन नर्सनी २००९ मध्ये एका डॉक्टरच्या उपचारपद्धतीविषयी राज्याच्या मेडिकल बोर्डाला निनावी पत्र लिहिले. तो डॉक्टर तिथल्या शेरीफच्या ओळखीचा होता. तपासात ते पत्र रुग्णालयाच्या संगणकावर सापडले, दोघींची नोकरी गेली आणि त्यांच्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला. गॅल यांच्यावरचा आरोप मागे घेतला गेला, मिचेल फेब्रुवारी २०१० मध्ये निर्दोष सुटल्या, आणि पुढे शिक्षा झाली ती डॉक्टर आणि शेरीफला. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. निनावीपणाने त्यांचे रक्षण झाले नाही, एवढाच त्यातला माझा मुद्दा आहे. तुमच्या वॉर्डात तर त्या रात्री नाइटला कोण होते हे ड्यूटी रोस्टरवर लिहिलेले आहे. चिठ्ठी कोणाची हे मेट्रन मॅडमना दहा मिनिटांत कळेल. शिवाय निनावी चिठ्ठीवर कोणी प्रश्न विचारू शकत नाही, म्हणून ती बाजूला ठेवणे सोपे जाते. सहीचा फॉर्म, त्यावर इन्चार्जची पोच आणि तुमच्याकडे एक प्रत, हे कंत्राटी नोकरीत असलेल्या नर्ससाठी चिठ्ठीपेक्षा जास्त सुरक्षित आहे. त्यानंतर अचानक सलग नाइट लागू लागल्या किंवा करार वाढवायला टाळाटाळ झाली, तर ती तारीख आणि फॉर्मची तारीख शेजारी ठेवून दाखवता येते. तरीही त्रास होणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. काही महिने चहाच्या वेळी तुमच्या बाजूची खुर्ची रिकामी राहील, इतके धरून चाला.

काकांच्या घरच्यांना कोण सांगणार? डॉक्टर आणि इन्चार्ज यांनी मिळून सांगायचे असते, आणि सांगायलाच हवे. कॉटजवळ उभे राहून तुम्ही एकटीने सगळे उलगडू नका, कारण शुगर कशामुळे उतरली हे अजून ठरलेले नाही. पण त्यांच्या मुलाने तुम्हालाच विचारले, "सिस्टर, बाबांना त्या रात्री काय झालं?", तर "जेवले नव्हते" असे म्हणू नका. "त्यांची शुगर फार उतरली होती, इन्सुलिनच्या डोसाबाबत तपासणी चालू आहे, आज राउंडला डॉक्टरांना विचारा, मीही सांगून ठेवते" हे उत्तर खरेही आहे आणि तुमच्या अधिकारात बसणारेही आहे.

फॉर्म दिल्यानंतर आज संध्याकाळच्या आत वॉर्डातले उघडे कार्ट्रिज आणि लाल टोपणाच्या सिरिंज एकाच ट्रेमध्ये राहणार नाहीत, एवढे इन्चार्जकडून करून घ्या. पेनच्या सुया येईपर्यंत फार्मसीतून वायल उसन्या मागवता येतात. मग पंधरा दिवस थांबून पाहा. वायल किंवा सुया नियमित येऊ लागल्या, नवीन प्रकार आला की ओव्हरमध्ये सांगण्याची पद्धत पडली, तर फॉर्मचे काम झाले. पण सिस्टरांची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली आणि ट्रे होता तसाच राहिला, असे दिसले तर दुसरा फॉर्म भरा, आणि त्यात या वेळी एकाही नर्सचे नाव घालायची गरज पडणार नाही.